वीट चढते एकपट, भार पडतो दुप्पट



पाऊस सरून वाफसा आला की आपल्या जुन्नर-आंबेगावात शेतकामाबरोबर घरांचीही कामे निघतात. ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठल्याही रस्त्याने जा, मळ्यामळ्यांत मातीच्या भिंती आणि कौले जाऊन खांब आणि स्लॅबची घरे उभी राहताना दिसतात. पैसा हाताशी येईल तसे काम चालते. एका वर्षी खालचा मजला, दोन वर्षांनी वरचा. मोठ्या शहरातल्यासारखे यंत्र अशा कामावर कुणी आणत नाही. गच्चीवरून एक बल्ली बाहेर काढायची, तिला कप्पी टांगायची, आणि दोराने वीट-सिमेंट वर घ्यायचे, अशी रीत आहे. रीत चांगलीच आहे. डोक्यावर घमेले घेऊन कच्च्या जिन्याने शंभर खेपा घालण्यापेक्षा ती बरी. पण या कप्पीचा एक हिशेब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि अपघात होतो तो नेमका त्याच हिशेबात. आज तेवढाच समजून घेऊ.

हिशेब असा. पन्नास किलोची सिमेंटची गोणी दोराला बांधली. दोर वर कप्पीवरून गेला आणि दुसऱ्या बाजूने खाली आला. खाली उभे राहून दोघे तो ओढतात. आता सांगा, वरच्या कप्पीवर किती भार आला? दहापैकी नऊजण म्हणतील, पन्नास किलो. पण कप्पीला दोराच्या दोन्ही बाजू खाली ओढत असतात. एका बाजूला गोणी पन्नास किलोने ओढते. गोणी वर जायची तर दुसऱ्या बाजूने माणसांनीही निदान तेवढ्याच जोराने ओढले पाहिजे. शिवाय कप्पीचा कणा घासतो, त्याचा जोर वेगळा. साध्या कप्पीला पन्नास किलो चढवायला पंचावन्न ते साठ किलोचा ओढा लागतो. म्हणजे पन्नास आणि साठ, एकशे दहा किलो झाले. गोणी एक, पण कप्पीवर, कप्पीच्या आकड्यावर आणि बल्लीवर भार दोन गोण्यांहून थोडा जास्तच.

मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना वाटेल, मोटेच्या चाकावरही असेच असणार. तसे नव्हते. मोटेचा नाडा विहिरीतून सरळ वर यायचा आणि चाकावरून बैलांच्या मागे धावेवर तिरका जायचा. दोन्ही ओढ एकाच दिशेने नव्हत्या, म्हणून चाकावर दुपटीपेक्षा कमी भार यायचा. बांधकामाच्या कप्पीत मात्र दोर सरळ वर जातो आणि सरळ खाली येतो. म्हणून इथे पुरा दुप्पट भार. मोटेच्या अंदाजाने लाकूड निवडाल तर ते कमी पडेल.

आता एक घर डोळ्यांपुढे धरू. समजा, आंबेगावच्या पूर्व भागात, लोणी-धामणीकडे एका मळ्यात दोन मजली घराचा सांगाडा उभा आहे. दोन्ही स्लॅब पडून पक्के झालेत, आणि वरच्या मजल्याच्या भिंती तेवढ्या बांधायच्यात. जोते दोन फूट, खालचा मजला दहा फूट. म्हणजे वीट चढवायची ती जमिनीपासून सुमारे साडेबारा फुटांवर. कप्पी मात्र टांगायची वरच्या गच्चीवरून, बावीस-तेवीस फुटांवर. वरच्या मजल्याच्या जमिनीवरच बल्ली आडवी टाकली तर कप्पी त्या जमिनीच्याही खाली लोंबते, आणि माल कडेच्या वर येतच नाही. मग वरचा माणूस वाकून तो ओढून घेऊ लागतो. कप्पी उंच असली की माल छातीपर्यंत वर येतो आणि उभ्या उभ्या आत ओढता येतो.

बल्ली अकरा फुटांची घेतली. दोन फूट बाहेर काढली, म्हणजे माल भिंतीला घासणार नाही. आत नऊ फूट राहिली. आता पहार आठवा. पहारीने दगड उचलताना टेकू दगडाजवळ असला की थोड्या जोरात मोठा दगड हलतो. इथे गच्चीची कड हा टेकू. बाहेर दोन फुटांवर भार, आत आठ फुटांवर आपण ठेवलेले दडपण. भार एकशे दहा किलो, हे वर पाहिले. पण माल कुठे अडकून एकदम सुटला, ओढणाऱ्याचा हात निसटून दोराने पुन्हा धरला, की हिसका बसतो. हिसक्यासाठी भार दुप्पट धरावा, म्हणजे दोनशे वीस. दोनशे वीसला दोन फुटांनी गुणले, चारशे चाळीस. त्याला आतल्या आठ फुटांनी भागले, पंचावन्न किलो. एवढे दडपण ठेवले तर बल्ली जेमतेम तोलून राहील. जेमतेमवर माणसाचा जीव टांगायचा नसतो. म्हणून तिप्पट, एकशे पासष्ट किलो. चाळीस-बेचाळीस किलोची एक, अशा वाळूच्या चार गोण्या.

आणि हेच लांबीत चुकले तर काय होते पाहा. बल्ली आखूड मिळाली, बाहेर दोन फूट आणि आतही दोनच फूट राहिले, तर त्याच कामाला सहाशे साठ किलो दडपण लागेल. वाळूच्या सोळा गोण्या! तिथे कुणी चार दगड ठेवून काम सुरू करतो, आणि बल्ली कप्पीसह खाली येते. म्हणून लाकूड लांब घ्या, बाहेर कमी काढा.

दडपणाबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिथे सिमेंटच्या गोण्या ठेवू नका. सोय वाटते खरी. गोण्या वरच आहेत, बल्लीवर रचल्या की काम झाले. पण गवंड्याला मालाला सिमेंट लागले की बिगारी जवळची गोणी उचलतो. सकाळी चार होत्या, दुपारी दोन राहतात, आणि खाली ओढणाऱ्याला ते दिसत नाही. विटांच्या थप्पीचेही तेच. दडपण अशा वस्तूचे असावे जी कामात खपणार नाही, आणि वाळूच्या गोण्या असतील तर त्यांची तोंडे शिवून त्या बल्लीला दोराने जखडाव्यात. खांबांच्या सळ्या गच्चीवर वर सोडलेल्या असतील तर बल्लीचे मागचे टोक त्या सळ्यांनाही आवळून बांधावे. दडपण आणि बांधणी, दोन्ही हवी. एक सुटले तर दुसरे धरते.

बल्ली निलगिरीची किंवा सालाची, सरळ, गाठ-भेग नसलेली, आणि कडेवर जिथे टेकते तिथे पाच इंचांपेक्षा बारीक नको. सगळा वाक तिथेच येतो. बांबू या कामाला घेऊ नये. तो परांचीला ठीक, पण एका जागी भार आला की उभा चिरतो. बल्लीखाली कडेला जाड फळी टाकावी म्हणजे स्लॅबची कड फुटत नाही, आणि दोन्ही बाजूंना पाचर ठोकावी म्हणजे बल्ली गडगडत नाही. नव्याने बांधलेल्या कठड्याच्या भिंतीवर मात्र बल्ली टेकवू नये. चार दिवसांची ती भिंत हिसक्याला टिकत नाही.

आता कप्पी टांगायचा आकडा. साइटवर सळीचा तुकडा वाकवून आकडा करायची सवय सगळीकडे आहे. तो आकडा भाराने हळूहळू उघडतो. एका दिवसात कळत नाही. आठवड्याने तोंड वीतभर रुंद झालेले दिसते, किंवा दिसायच्या आधीच कप्पी निसटते. वाकवताना सळीला बाहेरून बारीक चीर पडली असेल तर ती सरळ तुटते. बाजारात लोखंडी घडीव आकडा मिळतो, तो घ्या. ज्याच्या तोंडाला झडप असते तो सर्वांत बरा. झडप नसेल तर आकड्याच्या तोंडावर बांधकामाची तार पाच-सहा वेढे गुंडाळून तोंड बंद करा. आणि नवा असताना आकड्याच्या तोंडात बरोबर बसेल अशी एक काडी कापून खिळ्याला अडकवून ठेवा. रोज सकाळी ती काडी तोंडात धरायची. ढिली बसू लागली, म्हणजे आकडा उघडतो आहे. तो टाकून द्या. ठोकून पुन्हा बंद करू नका.

कप्पीचे चाक सहा-आठ इंचांचे असावे. लहान चाकावर दोर फार वाकतो आणि आतून तुटत जातो. चाकाची खाच दोराच्या जाडीला साजेशी हवी. दोर बारीक आणि खाच रुंद असली की दोर चाकावरून उतरून चाक आणि पत्र्याच्या फटीत घुसतो, तिथे चेपतो आणि अडकतो. मग खालचे दोघे जोर लावतात, आणि तो सगळा जोर बल्लीवर येतो.

आता दोराकडे वळू. आपल्या घरी दोरांना तोटा नाही. विहिरीत मोटर सोडायचा दोर, ट्रॉली बांधायचा दोर, बैलाचा कासरा, गोठ्यात लटकलेला कुठलातरी जुना दोर. यातला एखादा काढायचा मोह होतो. ज्या दोराचा इतिहास ठाऊक नाही, तो कप्पीवर चढवू नये. खताच्या पोत्याखाली पडलेला, फवारणीच्या औषधाने भिजलेला, बॅटरीचे पाणी लागलेला दोर वरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो.

पन्नास किलोला सोळा-अठरा मिलिमीटरचा दोर घ्यावा. सोळाचा मनिला दोर नवा असताना सुमारे दोन टनांना तुटतो. कुणी विचारील, मग पन्नास किलोसाठी एवढे कशाला? ऐका. दोराला गाठ मारली की गाठीपाशी त्याची ताकद जवळपास निम्मी होते. दोन टनांचा एक टन झाला. दोर उन्हापावसात वापरून जुना झाला, आणखी निम्मा गेला, पाचशे किलो राहिले. ओढा साठ किलोचा, त्याला हिसक्याने दुप्पट धरला तर एकशे वीस. म्हणजे हातात चौपट राहते, आणि माणसांच्या डोक्यावरून माल न्यायचा तर तेवढी पाहिजेच. तोच बारा मिलिमीटरचा घेतला तर मुळात ताकद निम्मी, आणि हिशेब दुपटीवर येतो. शिवाय बारीक दोर हाताला कापतो, मूठ बसत नाही. जाडी हातासाठीही लागते.

बाजारात निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त मिळतो. नवा असताना तो मनिलापेक्षाही मजबूत असतो. पण उन्हाने तो खातो. हाताने चोळल्यावर पांढरी भुकटी निघू लागली, धागे ताठर होऊन मोडू लागले, की त्याचे दिवस भरले. घासटून तो वितळतोही. गुळगुळीत, चकाकणारा, कडक झालेला पट्टा दिसला तर तिथे तो वितळून बसलेला असतो. नायलॉनचा दोर फार ताणला जातो. माल वरखाली नाचतो, आणि तुटला तर टोक चाबकासारखे परत येते. म्हणून तो या कामाला टाळलेला बरा.

दोर पाहायची रीत सांगतो. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. रोज कामाआधी उजेडात दोर मोकळा पसरावा आणि सगळा हातातून सोडावा. डोळ्यांआधी बोटांना कळते. कुठे बारीक लागतो, कुठे मऊ, कुठे ताठ. मग प्रत्येक हातभर अंतरावर दोर उलटा पिळून त्याचे पदर उघडावेत आणि आत पाहावे. आत धागे स्वच्छ, लांब असतील तर दोर चांगला. पीठ सांडले, तुकडे पडले, काळपट दिसले, कुबट वास आला, तर दोर कुजला आहे. वरून कितीही धडधाकट दिसो. तीन पदरांपैकी एक उचलून आलेला किंवा कापलेला असेल तर दोर बाद. त्या जागी गाठ मारून चालवू नका. गाठ कप्पीत अडकते आणि पुन्हा ताकद निम्मी होते.

दोर झिजतो तो ठरावीक दोन जागी. एक, जिथे मालाला गाठ असते तो पहिला हातभर भाग. दोन, माल वर येऊन थांबतो तेव्हा कप्पीवर जो तुकडा असतो तो. रोज त्याच तुकड्यावर भार. म्हणून आठवड्यातून एकदा गाठीकडचा हातभर दोर कापून नवी गाठ मारावी, आणि कामाच्या मध्यावर दोराची टोके अदलाबदल करावीत. गाठ अशी असावी की ओढल्यावर फास आवळत जाणार नाही आणि सरकणारही नाही. शेपूट वीतभर सोडून ते सुतळीने दोराला बांधावे. शक्य असेल तर दोर वळणाऱ्याकडून टोकाला लोखंडी कडे घालून पदर विणून घ्यावेत. विणलेल्या टोकाची ताकद गाठीपेक्षा पुष्कळ जास्त राहते.

मालाचे वजन आता. भट्टीची वीट सुमारे तीन किलो. गावाच्या भट्टीप्रमाणे फरक पडतो, म्हणून घरच्या काट्यावर दहा विटा तोलून पाहा. बारा विटा छत्तीस किलो. पण बांधकामाआधी आपण विटा भिजवतो. भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेने चोवीस तासांत आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी पिऊ नये. चांगली वीटही त्याच्या जवळपास पिते. तेव्हा भिजलेल्या बारा विटा त्रेचाळीस किलोंपर्यंत जातात. पेटीचे पाच किलो धरा, अठ्ठेचाळीस झाले. म्हणून एका खेपेला बारा विटा, हीच आपली हद्द. सिमेंटची गोणी एका वेळी एकच.

मोह कुठे होतो तेही सांगतो. हजार विटा बाराबाराने न्यायच्या तर चौऱ्याऐंशी खेपा. दुपारी माणसे दमतात, मुकादम म्हणतो, वीस भरा. भिजलेल्या वीस विटा बहात्तर किलो, पेटीसह सत्त्याहत्तर. ओढा नव्वदच्या घरात, आणि कप्पीवर एकशे पासष्टच्या पुढे. आठ विटा वाढल्या, पण बल्लीवर साठ किलोंच्या जवळ वाढले. विटा आधी कोरड्या चढवून वरच टाकीत भिजवल्या तर वजनही कमी आणि घाईही कमी.

विटा कशात भरायच्या? नारायणगावच्या बाजारामुळे घरोघरी टोमॅटोची प्लास्टिकची क्रेट पडलेली असतात. तीच दोराला बांधतात. ती वीसेक किलो टोमॅटोसाठी केलेली. उन्हात दोन हंगाम काढलेल्या क्रेटची मूठ छत्तीस किलोला मोडते. त्यापेक्षा खालून चारही बाजूंनी लोखंडी पट्टी गेलेली पेटी सुताराकडून करून घ्या, आणि विटा काठाच्या वर येतील अशा भरू नका. काठावर ठेवलेली एक वीट बारा फुटांवरून पडली तरी माणूस मरतो. सिमेंटच्या गोणीच्या तोंडात किंवा शिवणीत आकडा घालू नये, गोणी फाटते. गोणपाटाची झोळी खालून घेऊन तिची चारही टोके एकत्र बांधावीत.

ओढणाऱ्यांविषयी. पंचावन्न किलोचा माणूस साठ किलोचा ओढा एकट्याने देऊ शकत नाही. तोच वर उचलला जाईल. म्हणून दोघे हवेत. दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. माल रोखून धरायचा असेल तेव्हा बैल बांधताना आपण खुंटाला दोराचे वेढे देतो, तसे खालच्या खांबाला दीड-दोन वेढे द्यावेत. वेढ्याने भार खांब घेतो, हात फक्त शेपूट धरतात. सर्वांत चांगले म्हणजे खाली खांबाच्या पायाला दुसरी कप्पी बांधावी. दोर वरून खाली या कप्पीत येतो आणि तिथून जमिनीलगत आडवा जातो. ओढणारे मालाखालून दूर होतात आणि बैल धावेवर चालत तसे चालत जातात. दूर उभे राहून दोर तिरका ओढला तर बल्ली बाजूला खेचली जाते. खालची कप्पी ते टाळते. तिच्यावरही वर तिरका ऐंशी-नव्वद किलोंचा ओढा येतो, तेव्हा ती दगडाला नव्हे, खांबाला बांधा.

ट्रॅक्टरने किंवा मोटरसायकलने दोर ओढू नये. हाताने ओढताना माल छज्जाखाली अडकला की लगेच कळते, हात थांबतो. यंत्राला कळत नाही. ते ओढतच राहते, आणि बल्ली, दोर किंवा आकडा यांपैकी जे कच्चे असेल ते जाते. छज्जा नसलेली बाजूच कप्पीसाठी निवडावी, आणि विजेची तार जिथून घरात येते ती बाजू सोडावी. दोराला लाल चिंधी बांधून ठेवावी. चिंधी हातात आली की माल वर पोचला, आता थांबायचे.

ज्यांना मनुष्यबळ कमी आहे त्यांनी दोन कप्प्यांची जोडणी करावी. दोराचे एक टोक बल्लीला, मग दोर खाली मालावरच्या कप्पीतून, पुन्हा वरच्या कप्पीवरून, आणि खाली हातात. पन्नास किलोला ओढा तीस किलोंच्या आसपास येतो, आणि बल्लीवर एकशे दहाऐवजी ऐंशी किलो. किंमत म्हणजे माल एक फूट चढवायला दोर दोन फूट ओढावा लागतो. दोर नव्वद फूट लागेल, खेपेला वेळ जास्त लागेल.

सगळे बांधून झाले की परीक्षा घ्यावी. बरेचजण ती चुकीची घेतात. बल्लीच्या टोकाला गोणी बांधून लोंबकळत ठेवतात आणि म्हणतात, झाले. त्यात बल्लीवर नुसते पन्नास किलो येतात. खरा भार तर एकशे दहा. ही निम्मी परीक्षा. खरी अशी घ्यायची. एक गोणी आणि आठ विटा पेटीत, म्हणजे पंचाहत्तर किलो, दोर कप्पीवरूनच नेऊन जमिनीपासून फूटभर उचलावेत, आणि दुसरे टोक खाली खांबाला वेढे देऊन बांधावे. दहा मिनिटे तसेच ठेवावे, आणि मालाखाली कुणी जाऊ नये. त्याआधी बल्ली कडेवर जिथे टेकते तिथे आणि प्रत्येक गाठीवर खडूने रेघ ओढून ठेवावी. दहा मिनिटांनी रेघ सरकली का, बल्लीचे मागचे टोक उचलले का, आकड्यात काडी ढिली झाली का, ते पाहावे. काहीही हलले असेल तर सोडून नव्याने बांधावे. कप्पीची जागा बदलली, पाऊस पडून गेला, की पुन्हा हीच परीक्षा.

वर माल घेणाऱ्याची सोय शेवटी पाहू, कारण पडतो तो बहुधा तोच. नव्या मजल्याला कठडा नसतो. माल घेण्याच्या जागी कमरेइतका आणि गुडघ्याइतका, असे दोन बांबू खांबांच्या मधे आडवे आवळावेत. मालापुरती फट ठेवून त्या फटीतल्या माणसाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याचा दोर मागच्या खांबाला. माल बाहेरच लोंबत असेल तर त्याने वाकायचे नाही. पेटीला आधीच बांधलेल्या बारीक दोराने ती आत ओढायची. पेटी आत टेकल्याशिवाय खालचा वेढा सोडायचा नाही. "ओढ" आणि "सोड" एकानेच म्हणायचे. "थांब" मात्र कुणीही म्हणावे, आणि ते ऐकून सगळ्यांनी थांबावे. मालाखाली दहा फुटांची चुन्याची रेघ मारून पोरे, शेरडे, कोंबड्या आणि पाणी द्यायला येणाऱ्या बायाबापड्यांनाही रेघेबाहेर ठेवावे.

वर आलेली वीट एका जागी उंच रचू नका. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो वापराच्या भारासाठी धरलेला असतो, म्हणजे सव्वातीन फूट लांब-रुंद जागेत पासष्ट विटा. तेवढ्या जागेत कमरेइतकी थप्पी अठराशे किलोंवर जाते, नऊपट. विटा पसरून, तुळईच्या वर आणि खांबांजवळ ठेवा, मधोमध नको. स्लॅबखालचे टेकू काढायची मुदत भरली नसेल तर वर माल चढवायची घाई करू नका.

पुढच्या खेपेला याच घराच्या परांचीविषयी बोलू, बांबू कुठे आवळायचा आणि फळी किती बाहेर ठेवायची ते. तोवर ज्यांच्या घरी कप्पी लागली आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढेच करावे: गच्चीवर जाऊन बल्लीच्या मागच्या टोकावरच्या गोण्या मोजाव्यात. सकाळी ठेवल्या होत्या तेवढ्या आहेत का?